दोन टक्केवाऱ्या, दोन भाव

टेनिसचा सामना सुरू होण्याआधी परदेशातल्या अधिकृत बुकींच्या फळ्यावर जे भाव लागतात, त्यांत दोन भाव नेहमी शेजारी शेजारी दिसतात. पहिला सेट कोण जिंकणार, हा एक. पहिल्या सेटमध्ये टायब्रेक होणार की नाही, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं काढायला दोन निराळ्या अंदाजांची गरज असावी, असं वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही भाव एकाच कच्च्या मालातून तयार होतात. पहिला खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसचे किती टक्के गेम जिंकतो आणि दुसरा किती टक्के जिंकतो, एवढे दोन आकडे हातात असले की बाकीचं काम शाळेतल्या शक्यतेच्या गणिताचं आहे.

महाराष्ट्रात टेनिसवर पैज लावणं कायद्याला मान्य नाही आणि हा लेख पैजेसाठी नाही. मला या गणितात रस आहे तो वेगळ्या कारणाने. टेनिसची गुणपद्धती किती विचारपूर्वक रचलेली आहे, हे या दोन भावांमधून जितकं स्वच्छ दिसतं तितकं सामना पाहून दिसत नाही. सेट कोण जिंकणार, हे दोन टक्केवाऱ्यांमधल्या अंतरावर ठरतं. टायब्रेक होणार का, हे मुख्यतः त्या दोन्ही टक्केवाऱ्या किती उंचीवर आहेत यावर ठरतं. एकाच आकड्यांची ही दोन वेगळी वाचनं आहेत.

आधी त्या आकड्याची ओळख करून घेऊ. खेळाडूने शंभर गेममध्ये सर्व्हिस केली आणि त्यातले ऐंशी जिंकले, तर त्याची सर्व्हिस राखण्याची टक्केवारी ८०. उरलेले वीस गेम प्रतिस्पर्ध्याने मोडले. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमध्ये हार्ड कोर्टवरची सरासरी ऐंशीच्या आसपास असते. महिलांच्या टेनिसमध्ये ती बरीच खाली, पासष्टच्या आसपास असते. सर्व्हिसचा प्रत्येक गुण जिंकण्याची टक्केवारी आणि गेम राखण्याची टक्केवारी यांत मात्र गल्लत करू नये. सर्व्हिसवरचे ६० टक्के गुण जिंकणारा खेळाडू सुमारे ७४ टक्के गेम राखतो. गुण ६५ टक्के झाले तर गेम ८३ टक्के होतात, आणि ७० टक्के गुणांना ९० टक्के गेम. गेम जिंकायला किमान चार गुण आणि दोनची आघाडी लागते, त्यामुळे गुणागणिक असलेली छोटी आघाडी गेमच्या पातळीवर मोठी होते.

आता सेटकडे वळू. सेट ६-२ वर संपतो, कधी ६-४ वर, कधी ७-५ वर, कधी टायब्रेकमध्ये. इतक्या निरनिराळ्या वाटांनी संपणाऱ्या गोष्टीची शक्यता मोजायची म्हणजे प्रत्येक वाट वेगळी मोजावी लागेल, असं वाटतं. संगणक तसंच करतात: ०-० पासून सुरुवात करून प्रत्येक गुणफलकाची शक्यता पुढच्या गुणफलकांमध्ये वाटत जातात. पण एक युक्ती वापरली तर कागदावरसुद्धा हे गणित मावतं.

समजा, सेट ६-२ वर संपला. तरी मनातल्या मनात खेळ तसाच चालू ठेवायचा आणि एकूण दहा गेम पूर्ण करायचे. नवव्या आणि दहाव्या गेममध्ये काहीही झालं तरी सेटचा निकाल बदलत नाही, कारण दहापैकी सहा गेम एकाच्या खिशात आधीच गेलेले आहेत. उलट बाजूनेही हे खरं आहे: दहा गेममध्ये ज्याने सहा किंवा अधिक जिंकले, त्यानेच तो सेट जिंकलेला असतो. आणि दहा गेम पूर्ण केले की एक सोय होते. सर्व्हिस आळीपाळीने असते, म्हणून प्रत्येकाने बरोबर पाच गेम सर्व्हिस केलेली असते.

मग प्रश्न अगदी सोपा होतो. आपल्या पाच सर्व्हिस गेमपैकी ज्याने जास्त राखले, तो पुढे. दोघांनी सारखेच राखले, तर ५-५. दोघांनी पाचही राखले तरी ५-५ आणि दोघांनी तीन-तीनच राखले तरी ५-५. किती मोडले याला महत्त्व नाही, कोणी जास्त मोडले याला आहे.

या मांडणीतून आणखी एक गोष्ट निघते. पहिल्यांदा सर्व्हिस कोण करतो, याचा सेट जिंकण्याच्या शक्यतेवर काहीही परिणाम होत नाही. नाणेफेक जिंकून सर्व्हिस घेणाऱ्याला ‘कायम एक गेम पुढे’ असल्याचा फायदा मिळतो, असं समालोचक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. मनावरचं दडपण बाजूला ठेवलं तर आकड्यांमध्ये तो फायदा नाही. दहा गेममध्ये दोघांच्या वाट्याला पाच-पाचच येतात. यालाही एक छोटा अपवाद आहे आणि तो नेमका पहिल्या सेटचाच आहे. त्याकडे पुढे येतो.

दोघेही ८० टक्के गेम राखणारे आहेत, असं धरून एकदा हिशेब करू. एका खेळाडूने पाचही गेम राखण्याची शक्यता म्हणजे ०.८ चा पाच वेळा गुणाकार, साधारण ३३ टक्के. बरोबर चार राखण्याची ४१ टक्के. बरोबर तीन राखण्याची साडेवीस टक्के. दोघांनी पाच-पाच राखण्याची शक्यता ३३ टक्क्यांचे ३३ टक्के, म्हणजे जवळपास ११. चार-चार राखण्याची जवळपास १७. तीन-तीनची ४. दोन-दोन किंवा त्याहून कमीची इतकी लहान की नाममात्र. बेरीज ३२ टक्के. म्हणजे ऐंशी-ऐंशी टक्क्यांचे दोन खेळाडू तीन सेटपैकी साधारण एका सेटमध्ये ५-५ ला पोचतात.

५-५ नंतर टायब्रेकसाठी आणखी दोन गेम एकेकाला जायला हवेत. दोघांनी आपापली सर्व्हिस राखली (६४ टक्के) किंवा दोघांनीही गमावली (४ टक्के), तर ६-६ होतं. एकूण ६८ टक्के. ३२ चे ६८ टक्के काढले की उत्तर येतं २१.७. अशा दोघांच्या पहिल्या सेटमध्ये टायब्रेक होण्याची शक्यता पाचात एकाहून किंचित जास्त. दोघे तुल्यबळ, म्हणून सेट जिंकण्याची शक्यता अर्थातच पन्नास-पन्नास.

आता दोघांनाही ९० टक्क्यांवर नेऊ. सेट जिंकण्याची शक्यता तिथेच, पन्नास-पन्नासवर. टायब्रेकची शक्यता मात्र २१.७ वरून ३७.९ टक्क्यांवर जाते. दोघांना खाली ७० वर आणलं तर ती १५.८ होते, आणि ६० वर १३. त्याच्याही खाली, दोघेही निम्म्याच सर्व्हिस राखत असले तरी ती १२.३ च्या खाली जात नाही, कारण तिथे प्रत्येक गेम नाणेफेकीसारखा असतो आणि नाणीही कधी कधी सहा-सहा पडतात. म्हणजे खालच्या बाजूला वक्र जवळजवळ सपाट आहे आणि वरच्या बाजूला एकदम चढा. ६० वरून ७० वर जाताना जेमतेम तीन टक्क्यांची वाढ, ८० वरून ९० वर जाताना सोळा.

आता अंतर वाढवून पाहू. ७५ आणि ७५ ची जोडी घेतली तर टायब्रेकची शक्यता १८.१ टक्के आणि सेटची पन्नास-पन्नास. बेरीज तीच, दीडशेच ठेवून एकाला ८५ आणि दुसऱ्याला ६५ केलं, तर पहिल्याची सेट जिंकण्याची शक्यता उसळी मारून ८० टक्क्यांवर जाते. टायब्रेक मात्र १८.१ वरून फक्त १३.६ वर येतो. या दोन प्रयोगांत सगळं आलं. उंची बदलली की टायब्रेकचा भाव हलतो आणि विजेत्याचा जागचा हलत नाही. अंतर बदललं की विजेत्याचा भाव धावतो आणि टायब्रेकचा नुसता सरकतो.

इथवर दोन टक्केवाऱ्या आयत्या हातात आहेत असं धरलं. पण त्या मिळवणं हेच या कामातलं कठीण काम आहे, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. खेळाडूची वर्षभराची टक्केवारी छापून येते ती सगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची असते. आपल्याला हवी असते ती आज समोर उभ्या असलेल्या या एकाविरुद्धची. सर्व्हिस राखणं ही एकट्याची कामगिरी नाही. समोरचा परतफटका कसा मारतो, यावर तिचा निम्मा भार असतो.

यासाठी पुण्याचा एक सामना घेतो. २०१८ ते २०२३ या काळात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात महाराष्ट्र ओपन ही एटीपी स्पर्धा होत असे. जानेवारी २०१९ मध्ये तिच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच समोरासमोर आले. अँडरसन आदल्या वर्षीचा विम्बल्डन उपविजेता, उंची दोन मीटरहून थोडी जास्त. कार्लोविच त्याहूनही उंच, २.११ मीटर, वय ३९. कार्लोविच म्हणजे या विषयातली टोकाची केस. सर्व्हिस राखण्यात कारकिर्दभर तो जगातल्या अव्वल दोघा-तिघांत, आणि प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस मोडण्यात तळाला.

हिशेबासाठी त्यांच्या खेळाशी जुळणारे गोल आकडे धरू. कार्लोविच ९२ टक्के सर्व्हिस राखतो, आणि त्याच्यासमोर खेळणारे ९१ टक्के राखतात. अँडरसन ८९ टक्के राखतो, आणि त्याच्यासमोरचे ८१. स्पर्धांची सर्वसाधारण सरासरी ७९ धरू.

सगळ्यात सोपी रीत बेरीज-वजाबाकीची. अँडरसन सरासरीपेक्षा १० ने चांगला आहे. कार्लोविचसमोरचा कोणीही सरासरीपेक्षा १२ ने चांगला ठरतो. ७९ मध्ये दोन्ही मिळवले की कार्लोविचविरुद्ध अँडरसनची टक्केवारी येते १०१. शंभर गेममध्ये एकशे एक गेम राखणारा खेळाडू! ही रीत मधल्या पट्ट्यातल्या खेळाडूंना ठीक चालते. ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे तिचं उत्तर आणि काटेकोर रीतीचं उत्तर यांत नाव घेण्यासारखा फरक नसतो. पण टोकाला ती कोसळते. आणि टायब्रेकचा भाव सगळ्यात नाजूक असतो तोही टोकालाच.

काटेकोर रीत टक्केवाऱ्यांऐवजी गुणोत्तरांवर चालते. ८९ राखले आणि ११ गमावले, म्हणून अँडरसनचं गुणोत्तर ८९ भागिले ११, साधारण ८.१. कार्लोविचसमोरच्यांचं ९१ भागिले ९, साधारण १०.१. सरासरीचं ७९ भागिले २१, साधारण ३.८. पहिल्या दोघांचा गुणाकार करून तिसऱ्याने भागायचं. उत्तर साधारण २१.७, म्हणजे एक गेम गमावला तर त्यामागे २१.७ राखले. टक्केवारीत सांगायचं तर ९५.६. गुणोत्तर कितीही वाढलं तरी टक्केवारी शंभराच्या पुढे जाऊ शकत नाही, ही या रीतीची खरी ताकद. कार्लोविचसाठी हेच केलं की अँडरसनविरुद्ध त्याची टक्केवारी ९२.९ येते. पूर्णांकात ९६ आणि ९३ धरून पुढे जाऊ.

आता तीच पाच-पाच गेमची युक्ती. अँडरसनने पाचही राखण्याची शक्यता ८१.५ टक्के, कार्लोविचने पाचही राखण्याची ६९.६. दोघांनी पाच-पाच राखले, याची शक्यता ५६.७. चार-चारची आणखी साडेचार. ५-५ ची एकूण शक्यता ६१.२ टक्के. पुढच्या दोन गेमनंतर ६-६ होण्याची शक्यता ८९.६ टक्के. गुणाकार केला की टायब्रेकची शक्यता ५४.८ टक्के निघते. ‘टायब्रेक होईल’ या बाजूला निम्म्याहून जास्त वजन पडावं, अशा जोड्या टेनिसमध्ये फार थोड्या असतात. ही त्यातली एक.

विजेत्याचं गणित थोडं लांब आहे, पण पायऱ्या त्याच. दहा गेममध्येच अँडरसनने जास्त राखले, याची शक्यता २५.५ टक्के. कार्लोविचची १३.२. ५-५ नंतर अँडरसन ७-५ ने जिंकेल ४.१ टक्के वेळा, कार्लोविच २.३ टक्के वेळा. उरलेले ५४.८ टक्के टायब्रेकला जातात. म्हणजे टायब्रेकच्या आत निकाल लागला तर अँडरसनकडे २९.७ आणि कार्लोविचकडे १५.५. जवळपास दुप्पट. तीन टक्क्यांच्या अंतरात इतका फरक कसा, असं वाटेल. पण इथे पाहायचं ते राखलेल्या गेमकडे नाही, गमावलेल्या गेमकडे. एक शंभरात चार गमावतो, दुसरा सात.

टायब्रेक कोण जिंकेल, हे गेमच्या टक्केवारीतून थेट कळत नाही. त्यासाठी गुणांच्या पातळीवर उतरावं लागतं. ९६ टक्के गेम राखणाऱ्याने सर्व्हिसवरचे सुमारे साडेशहात्तर टक्के गुण जिंकायला हवेत, ९३ वाल्याने सुमारे त्र्याहत्तर. टायब्रेकमध्ये सर्व्हिस दोन-दोन गुणांनी बदलते, म्हणून पहिल्या बारा गुणांत दोघांना सहा-सहा सर्व्हिस मिळतात. इथेही तीच युक्ती लागू पडते, फक्त पाच गेमऐवजी सहा गुण. हिशेब केला की अँडरसनला टायब्रेक जिंकण्याची शक्यता ५७ टक्के मिळते. त्याचे ५४.८ पैकी साधारण ३१ टक्के अँडरसनच्या खात्यात. २९.७ मध्ये ते मिळवले की पहिला सेट अँडरसनने जिंकण्याची शक्यता ६०.७ आणि कार्लोविचने जिंकण्याची ३९.३.

नवशिके इथे एक घोडचूक करतात. टायब्रेक म्हणजे नाणेफेक, असं मानून ते सरळ निम्मे-निम्मे वाटतात. तसं केलं तर अँडरसनचा आकडा ६०.७ ऐवजी ५७ येतो. सर्व्हिस मजबूत असलेल्या जोडीत निम्म्याहून जास्त सेट टायब्रेकमध्ये जातात, म्हणून तिथली छोटी चूक थेट अंतिम भावात उतरते. उलट चूकही तितकीच घातक: मोठ्या सर्व्हिसवाल्याला टायब्रेकचा बादशहा मानून त्याला सत्तर टक्के देणं. टायब्रेक लहान असतो. सर्व्हिसवरचे साडेतीन टक्के गुण जास्त जिंकणारा खेळाडूही दहापैकी चार-साडेचार टायब्रेक हरतो. २००९ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात अँडी रॉडिकची सर्व्हिस एकदाच मोडली, तीही सामन्याच्या शेवटच्या, ७७व्या गेममध्ये. रॉजर फेडररची दोनदा मोडली. तरी दुसरा आणि तिसरा सेट टायब्रेकमध्ये फेडररकडे गेला, दुसऱ्यात तर रॉडिक ६-२ असा पुढे होता, आणि शेवटी पाचवा सेट १६-१४ ने फेडररने जिंकला. पंचाहत्तर सर्व्हिस गेमपेक्षा दोन टायब्रेक जड झाले. हा सामना मला आजही पाहवत नाही, इतकं रॉडिकने त्या दिवशी चांगलं टेनिस खेळलं होतं.

शक्यतेवरून भाव काढणं हे सगळ्यात सोपं काम. १०० ला शक्यतेने भागायचं. टायब्रेकची शक्यता ५४.८, म्हणून न्याय्य भाव १.८२: एक रुपया लावणाऱ्याला, बरोबर ठरल्यास मुद्दलासह १ रुपया ८२ पैसे. ‘टायब्रेक नाही’चा न्याय्य भाव २.२१. पहिला सेट अँडरसन १.६५, कार्लोविच २.५४. बुकी असे भाव लावत नाही. तो दोन्ही शक्यता थोड्या फुगवतो. पाच टक्के फुगवल्या तर १.८२ चा भाव १.७४ होतो आणि २.२१ चा २.११. या दोन्ही भावांनी १०० ला भागून बेरीज केली की १०५ येते. वरचे पाच ही त्याची कमाई. त्यामुळे फळ्यावरच्या भावावरून उलटा हिशेब करून शक्यता काढायची असेल, तर आधी हे पाच काढून टाकावे लागतात.

त्या दिवशी बालेवाडीत अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. तिन्ही सेट टायब्रेक. आपल्या आकड्यांनुसार एका सेटची शक्यता ५४.८ टक्के असेल, तर तिन्हीची साधारण साडेसोळा, म्हणजे सहात एक. इतर कोणत्याही सरासरी जोडीसाठी, प्रत्येक सेटला २१.७ टक्के धरून, हीच शक्यता शंभरात एक.

पण एका सामन्याने काहीच सिद्ध होत नाही, आणि हे गणित कुठे चुकतं हे समजल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. पहिली अडचण कोर्टची. हार्ड कोर्ट, गवत आणि लाल माती यांवरच्या टक्केवाऱ्या एकत्र करून काढलेला आकडा यांपैकी कुठलाच खरा नसतो. मातीवर चेंडू मंद होतो, उंच उसळतो आणि सर्व्हिस राखणं कठीण जातं. एकाच प्रकारच्या दोन कोर्टांतही फरक असतो. हीच स्पर्धा पूर्वी चेन्नईत, समुद्रसपाटीला होत असे. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, तिथली हवा थोडी विरळ आणि जानेवारीत कोरडी, म्हणून सर्व्हिस थोडी जास्त वेगाने निघते. दोघांचीही सर्व्हिस सारखीच सुधारली तर विजेत्याच्या भावाला फारसा धक्का लागत नाही. टायब्रेकच्या भावाला लागतो. दोघांना ८० ऐवजी ८२ टक्के दिले तर तो २१.७ वरून २३.७ होतो. ९० ऐवजी ९२ दिले तर ३७.९ वरून ४४.३. दोन टक्क्यांची चूक वरच्या पट्ट्यात साडेसहा टक्क्यांची होते.

आणि दोन टक्क्यांची चूक होणं अगदी सहज शक्य आहे. शंभर सर्व्हिस गेमवरून काढलेल्या ८० टक्क्यांमध्ये निव्वळ योगायोगाने चार टक्के इकडे-तिकडे होऊ शकतात. शंभर गेम म्हणजे जेमतेम आठ-दहा सामने. म्हणून जाणकार मंडळी एखाद्या खेळाडूचे थोडेच सामने उपलब्ध असले तर त्याची टक्केवारी सरासरीकडे ओढून घेतात. सामने जितके कमी, तितकी ओढ जास्त.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. आपण दोघांनाही ८० म्हणालो, तेव्हा ते सरासरी दिवसाचं म्हणालो. प्रत्यक्षात एखाद्या दिवशी एकाचं अंग मोकळं असतं आणि दुसऱ्याचं जड. समजा निम्म्या दिवशी जोडी ८६ आणि ७४ ची असते आणि निम्म्या दिवशी उलट. सरासरी अजूनही ८०-८०. पण टायब्रेकची शक्यता २१.७ ऐवजी १९.५ होते, कारण त्या दोन्ही प्रकारच्या दिवशी अंतर आहे आणि अंतरामुळे सेट लवकर संपतात. दिवसाचा हा चढउतार न धरणारा माणूस टायब्रेक थोडे जास्त मोजतो आणि ६-१, ६-२ असे सेट थोडे कमी. आपल्या गणितात नेमकी हीच खोट आहे का, हे ओळखायचं असेल तर टायब्रेकसोबत ६-१ आणि ६-२ चे सेटही मोजून पाहावेत.

तिसरी अडचण मनाची. प्रत्येक गेम स्वतंत्र आहे, ५-४ वर सेटसाठी सर्व्हिस करणारा हात २-१ वरच्या हातासारखाच चालतो, असं आपण धरलं. डच संशोधक फ्रान्क क्लासेन आणि यान माग्नुस यांनी १९९२ ते १९९५ या चार वर्षांतल्या विम्बल्डनच्या जवळपास नव्वद हजार गुणांचा अभ्यास केला. गुण एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नाहीत, असं त्यांना आढळलं. पण फरक इतके लहान होते की स्वतंत्र मानून केलेला हिशेब बहुतेक कामांना पुरेसा ठरावा. याच दोघांनी सेटमध्ये आधी सर्व्हिस करण्याच्या फायद्याचाही शोध घेतला, आणि तो फक्त पहिल्या सेटमध्ये सापडला. कारण असं की सामन्याच्या अगदी पहिल्या गेममध्ये सर्व्हिस इतर गेमपेक्षा कमी वेळा मोडते. हाच तो अपवाद. पहिल्या सेटचा भाव काढणाऱ्याने पहिल्या सर्व्हिस करणाऱ्याला त्या एका गेमपुरती थोडी वाढीव टक्केवारी द्यावी. नंतरच्या सेटमध्ये देऊ नये.

या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर गणित बरोबर आहे की नाही, हे कसं ओळखायचं? जिंकलेल्या अंदाजांवरून ओळखता येत नाही. ज्या ज्या सामन्यांत आपण टायब्रेकची शक्यता २० ते २४ टक्के काढली, ते सगळे सामने एकत्र करायचे आणि त्यांत प्रत्यक्ष किती टायब्रेक झाले ते मोजायचं. मग ३० ते ३४ वाले, मग ४० ते ४४ वाले. प्रत्येक गठ्ठ्यात शेकड्याने सामने लागतात. चारशे सामन्यांच्या गठ्ठ्यातसुद्धा योगायोगाने दोन टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे शंभर-दीडशे सामने पाहून ‘माझी रीत चालते’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. वरच्या गठ्ठ्यांमध्ये, म्हणजे मोठ्या सर्व्हिसवाल्यांच्या सामन्यांत, सामनेच थोडे असतात. तिथे तपासणी सगळ्यात अवघड होते, आणि तिथेच आकडा सगळ्यात जास्त हलतो.

म्हणून दोन्ही भाव एकाच टक्केवाऱ्यांतून निघत असले तरी त्यांच्यावर सारखाच विश्वास ठेवू नये. पहिल्या सेटच्या विजेत्याची शक्यता कोर्टच्या वेगाचा अंदाज चुकला तरी बरीच टिकून राहते, कारण ती चूक दोघांच्याही आकड्यात सारखीच शिरते आणि अंतरात जवळजवळ दिसेनाशी होते. टायब्रेकची शक्यता टिकत नाही. दोन्ही खेळाडू ऐंशीच्या आत असतील तर तिच्यावर बोलावं. दोघेही नव्वदीच्या वर असतील, तर एका आकड्याऐवजी पट्टा सांगावा, ५५ टक्के नाही तर ५० ते ६०.